चिठ्ठ्या वाढल्या, तर वही किती वाढते?

एखाद्या संस्थेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले आहे. मतदाराने हवे ते नाव चिठ्ठीवर लिहायचे, उमेदवारांची यादी आधी ठरलेली नाही. आता प्रश्न एवढाच की, निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर एकच नाव आहे का? हे काम संगणकाकडे दिले, तर चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडून त्याला आणखी किती जागा लागेल, आणि गठ्ठा दुप्पट झाला की ती जागा किती वाढेल? या वाढीच्या हिशेबाला संगणकशास्त्रात ‘स्पेस कॉम्प्लेक्सिटी’ म्हणतात. आपण त्यातला जास्तीच्या जागेचा भाग पाहणार आहोत.

कोणालाही सुचेल अशी रीत खतावणीची. नवे नाव आले की वहीत नवी ओळ घालायची, जुने आले की त्याच्यापुढे एक रेघ मारायची. नावे पाचच असतील, तर चिठ्ठ्या दहा लाख असल्या तरी ओळी पाचच. पण यादी ठरलेली नाही, म्हणून वाईटात वाईट स्थिती धरावी लागते: प्रत्येक चिठ्ठीवर वेगळे नाव. तेव्हा जितक्या चिठ्ठ्या तितक्या ओळी. चिठ्ठ्यांची संख्या n मानली, तर ही वाढ O(n) अशी लिहितात. एका ओळीला १०० बाइट धरले, तर १० लाख ओळींना १० कोटी बाइट, म्हणजे १०० मेगाबाइट लागतात. ते घरच्या संगणकाला सहज पेलते. १०० कोटी ओळींना मात्र १०० गिगाबाइट हवेत, आणि घरच्या यंत्राची मेमरी बहुधा ८ किंवा १६ गिगाबाइट असते. मेमरी संपत आली की यंत्र डिस्कवर सामान हलवू लागते आणि काम रेंगाळते, किंवा प्रोग्राम मध्येच बंद पडतो. हे आधी ओळखता येते. मासला दुप्पट, चौपट करून पाहावा. मेमरीही दुप्पट, चौपट होत असेल, तर वही वाढते आहे.

रॉबर्ट बॉयर आणि जे. स्ट्रॉदर मूर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास वहीच नको अशी रीत शोधली. लक्षात ठेवायचे ते एक नाव आणि एक आकडा. आकडा शून्य असेल, तर समोरच्या चिठ्ठीवरचे नाव धरायचे आणि आकडा १ करायचा. नसेल, तर तेच नाव आले की एक वाढवायचा, दुसरे आले की एक कमी करायचा.

सात चिठ्ठ्या घेऊ: वामन, वामन, शांता, शांता, गोपाळ, शांता, शांता. पहिल्या दोन चिठ्ठ्यांनंतर वामन २. पुढच्या दोन शांतांनी तो आकडा शून्यावर आणला. मग गोपाळ १. शांता आली, पुन्हा शून्य. शेवटी शांता १. उत्तर शांता, आणि तिला सातपैकी चार मते खरोखरच आहेत.

हे जमते, कारण आकडा कमी होतो तेव्हा दोन वेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या एकमेकींना खोडतात. ज्याला निम्म्याहून अधिक मते आहेत, त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या खोडायला इतरांच्या चिठ्ठ्या पुरणारच नाहीत.

पण कोणालाच बहुमत नसेल तर? वामन, शांता, गोपाळ अशा तीनच चिठ्ठ्या असोत. वामन १, मग शून्य, मग गोपाळ १. एक मत मिळालेला गोपाळ विजयी दिसतो! म्हणून गठ्ठा दुसऱ्यांदा चाळून हाती आलेल्या नावाची मते मोजावीच लागतात. चिठ्ठ्या एकदा वाचून टाकून दिल्या असतील, तर ही पडताळणी होऊ शकत नाही. शिवाय कोणाला किती मते पडली, हे ही रीत सांगत नाही. ते हवे असेल, तर खतावणीच घालावी लागते. जागा वाचली, ती प्रश्न आखूड केल्यामुळे.

एक बारकावा उरतो. आकडासुद्धा जागा घेतो. १० लाखांपर्यंत मोजायला २० द्विमान अंक लागतात आणि १०० कोटींपर्यंत ३०. चिठ्ठ्या हजारपट झाल्या, तरी वाढले दहाच अंक. आजची यंत्रे एका वेळी ६४ अंकांची संख्या हाताळतात, म्हणून व्यवहारात ही जागा स्थिर मानून O(1) लिहितात. काटेकोर हिशेबात ती log n इतकी आहे.

तेव्हा एखादा प्रोग्राम ‘फार मेमरी खातो’ असे कोणी म्हणाले, तर आधी विचारावे: विचारलेल्या प्रश्नाला ती वही खरोखर हवी आहे का?