दुसऱ्या घरात काय आहे?

हिरोयुकी इमाबायाशी यांचा सोकोबान हा खेळ जपानमध्ये १९८२ साली बाजारात आला. गोदामातला एक कामगार, काही पेट्या आणि त्या नेऊन ठेवायच्या जागा, एवढाच त्याचा पसारा. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. आणि ढकलायची तीही एका वेळी एकच. प्रोग्रामिंग शिकणारे हा खेळ हौसेने लिहायला घेतात आणि मग गोदामात चमत्कार घडू लागतात. दोन पेट्या एकदम सरकतात, एखादी भिंतीत शिरते. दोष दोन दिसले, तरी मूळ बरेचदा एकच असतं.

एकच ओळ घेऊ. `#` म्हणजे भिंत, `@` कामगार, `$` पेटी.

```
#@$$ #
```

डावीकडून घरांना ० ते ५ क्रमांक देऊ. कामगार १ मध्ये, पेट्या २ आणि ३ मध्ये. नवशिक्याचा कोड साधारण असा असतो:

```
man += d
for i in range(len(boxes)):
    if boxes[i] == man:
        boxes[i] += d
```

म्हणजे आधी कामगार सरकवायचा, मग त्याच्या घरात जी पेटी सापडेल ती पुढे ढकलायची. उजवीकडचा बाण दाबला की कामगार २ मध्ये येतो आणि पहिली पेटी ३ मध्ये जाते. तिथे दुसरी आधीच आहे, पण तिची चौकशी कुणी केलेली नाही. पडद्यावर आता एकच पेटी दिसते, कारण दोन्ही एकाच घरात आहेत. पुन्हा बाण दाबला की दोन्ही पेट्यांचा क्रमांक कामगाराच्या घराशी जुळतो, म्हणून दोन्ही मिळून ४ मध्ये जातात. तिसऱ्या वेळी त्या ५ मध्ये, थेट भिंतीत.

चूक आहे ती क्रमात. हलवून मग बघण्याऐवजी, कुणीही हलण्याआधी पुढची दोन घरं बघायला हवीत. पहिल्यात भिंत असेल तर थांबायचं. पेटी असेल तर दुसरं घर तपासायचं, आणि तिथे भिंत किंवा पेटी असली तरीही थांबायचं. काहीजण दुसऱ्या घरात फक्त भिंत शोधतात. मग भिंतीचा त्रास संपतो, पेट्या मात्र एकमेकींत शिरतच राहतात.

सगळा नकाशा अक्षरांत साठवणाऱ्यांना आणखी एक खोडी भेटते, आणि मला ती सगळ्यांत लबाड वाटते. ठरलेल्या जागी पोचलेली पेटी `$` नव्हे, `*` अशी लिहितात. दुसऱ्या घरात फक्त `$` शोधला, तर `*` मोकळी जागा ठरते आणि येणारी पेटी तिला पुसून टाकते. सुरुवातीला एकही पेटी जागेवर नसेल, तर खेळ निर्दोष वाटतो. म्हणून प्रत्येक चालीनंतर `$` आणि `*` यांची बेरीज करून पाहावी. ती एकने जरी घटली, तरी पेटी कोणत्या चालीत गेली ते तिथल्या तिथे कळतं.