फोटोतला चेहरा शेतात 'बसत' का नाही? समजून घ्या नॉर्मल मॅपचे तंत्र

डिजिटल डेस्क, वाशिम : घरातल्या आजोबांचा एकच धड फोटो शिल्लक असतो, तोही स्टुडिओत फ्लॅश मारून काढलेला. तेरवीच्या पत्रिकेसाठी किंवा भिंतीवरच्या फ्रेमसाठी घरचे सांगतात, "मागे आपलं शेत दाखवा." स्टुडिओवाला फोटो कापून तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर लावून देतो. कापणी सफाईदार असते, आकारही बरोबर असतो, तरी आजोबा शेतात उभे वाटत नाहीत, चिकटवलेले वाटतात. कारण उजेडात आहे. शेतात संध्याकाळचे ऊन एका बाजूने येत आहे आणि आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र अजून स्टुडिओचा फ्लॅशच पडलेला आहे.

अनेकदा यावर उपाय म्हणून संपूर्ण चेहऱ्यावर नारिंगी छटा चढवली जाते. त्याने रंग बदलतो, पण उजेडाची दिशा बदलत नाही. दिशा बदलायची तर गाल कुठे वळतो, नाक कुठे उंचावते, हे संगणकाला कळले पाहिजे. ते सांगणाऱ्या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात.

नॉर्मल मॅप म्हणजे काय?

चेहऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक टाचणी सरळ उभी टोचली आहे, अशी कल्पना करा. कपाळावरची टाचणी कॅमेऱ्याकडे पाहील, गालावरची थोडी बाजूला, हनुवटीखालची जमिनीकडे. या टाचणीची दिशा म्हणजे 'नॉर्मल'. ती तीन आकड्यांत लिहितात : डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती आणि कॅमेऱ्याकडे किती. हे तीन आकडे चित्रात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगात साठवले जातात. म्हणून नॉर्मल मॅप जांभळट-निळा दिसतो. थेट कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या कपाळाचा रंग त्यात १२८, १२८, २५५ असतो. फोटोतल्या डाव्या बाजूला वळलेला गाल साधारण ५१, १२८, २३०, तर उजवीकडे वळलेला गाल २०४, १२८, २३० असा येतो.

हा नकाशा मिळवण्याची मूळ पद्धत रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० मध्ये मांडली. कॅमेरा आणि वस्तू न हलवता, वेगवेगळ्या दिशांनी दिवा लावून किमान तीन फोटो काढायचे. एकच ठिपका कोणत्या दिव्यात किती उजळतो यावरून त्याची दिशा काढता येते. माणसाच्या चेहऱ्यावर हे काम मोठ्या प्रमाणावर पॉल डेबेवेक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये केले. त्यांच्या 'लाइट स्टेज'मध्ये दिवा चेहऱ्याभोवती फिरवून दोन हजारांहून अधिक दिशांच्या उजेडात नोंद घेतली गेली.

आपल्या आजोबांचा मात्र एकच फोटो आहे आणि नवा काढता येणार नाही. अशा वेळी प्रशिक्षित सॉफ्टवेअर एका फोटोवरून नॉर्मल मॅपचा अंदाज बांधते. गुगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'टोटल रिलाइटिंग' या नावाने मांडलेली पद्धत याच वाटेने जाते : आधी माणूस कापून घ्यायचा, मग त्याचा नॉर्मल मॅप आणि त्वचेचा मूळ रंग वेगळा काढायचा आणि शेवटी नव्या ठिकाणचा उजेड टाकायचा. डाविंची रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीतही 'रिलाइट' ही सोय आहे. नकाशा तयार असेल तर पुढचे काम मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये करता येते. तिथे नकाशा उघडताना त्याचा कलर स्पेस `Non-Color` ठेवावा लागतो. नाहीतर संगणक त्याला साधा फोटो समजतो आणि सगळ्या दिशा बिघडतात.

शेतातला उजेड कसा वाचायचा?

समजा शेताचा फोटो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्यास्ताच्या तासभर आधी काढला आहे. वाशिमच्या अक्षांशावर त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण १२ अंश वर असतो. फोटोत खांब दिसत असेल तर पडताळा घेता येतो : सपाट जमिनीवर त्याची सावली उंचीच्या जवळपास पावणेपाचपट पडते. सावली कोणत्या बाजूला झुकते यावरून सूर्य कुठे आहे ते कळते. आपल्या उदाहरणात तो कॅमेऱ्याच्या मागे, पण फोटोच्या डाव्या बाजूला ६० अंशांवर आहे, असे धरू.

दुसरा उजेड आकाशाचा. सावलीतला भाग पूर्ण काळा पडत नाही तो यामुळेच. हा उजेड सर्व बाजूंनी येतो आणि उन्हापेक्षा निळसर असतो. म्हणून संध्याकाळी एक गाल सोनेरी आणि दुसरा किंचित निळसर दिसतो. सरसकट नारिंगी छटेने हा फरक साधत नाही.

आधी जुना उजेड काढा

फ्लॅश कॅमेऱ्याच्या जवळ होता. त्यामुळे कपाळावर तो पूर्ण पडला आणि वळलेल्या गालावर त्याच्या ८० टक्के. फोटोत कपाळाची चमक ०.३० आणि गालाची ०.२४ असेल, तर गालाला ०.८ ने भागायचे. उत्तर ०.३० येते. म्हणजे त्वचा एकच आहे, फरक फक्त उजेडाचा होता. ही पायरी गाळली तर जुन्या सावलीवर नवी सावली चढते आणि चेहरा मळलेला दिसतो.

कानाजवळ आणि जबड्याच्या कडेला जपून काम करावे लागते. तिथे त्वचा कॅमेऱ्यापासून जवळपास पूर्ण वळलेली असते. भाजक शून्याजवळ गेला की तिथला प्रत्येक दाणा पांढरा चमकू लागतो. म्हणून भाजक साधारण ०.२ च्या खाली जाऊ देत नाहीत.

आता नवा उजेड

नियम सोपा आहे. टाचणी सूर्याकडे जितकी वळलेली, तितके ऊन त्या ठिपक्यावर जास्त. टाचणी आणि सूर्याची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घ्यायचा आणि उत्तर ऋण आले तर शून्य धरायचे. आपल्या उदाहरणात डाव्या गालाला ०.९०, कपाळाला ०.४९ आणि उजव्या गालाला शून्य ऊन मिळते. त्यात आकाशाचा उजेड ०.२५ मिळवला की आकडे होतात १.१५, ०.७४ आणि ०.२५. त्यांनी मूळ ०.३० ला गुणले की डावा गाल ०.३४५, कपाळ ०.२२२ आणि उजवा गाल ०.०७५ येतो.

सावलीतला गाल उन्हातल्या गालाच्या फक्त २२ टक्के उरला. हे फारच काळे होईल, असे वाटेल. पण स्क्रीनवर साठवलेले आकडे प्रत्यक्ष उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. ० ते २५५ मधला १२८ हा आकडा पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्केच दाखवतो. म्हणजे हा गाल स्क्रीनवर साधारण निम्म्या आकड्यावर येतो आणि नैसर्गिक दिसतो. हेच गुणाकार फोटोच्या आकड्यांवर थेट केले तर गाल कोळशासारखा पडतो. त्यामुळे आधी फोटो 'लिनियर' करायचा, हिशेब करायचा आणि शेवटी परत नेहमीच्या रूपात आणायचा.

कुठे फसते?

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हिरव्या रंगामुळे. काही सॉफ्टवेअरमध्ये हिरवा म्हणजे 'वर', तर काहींमध्ये 'खाली'. उलटा नकाशा वापरला तर ऊन हनुवटीखालून आल्यासारखे दिसते. तपासणीसाठी फक्त हिरवा थर उघडून पाहा. आपल्या हिशेबाप्रमाणे कपाळाचा वरचा भाग उजळ आणि हनुवटीखालचा भाग गडद हवा. तसे नसेल तर तो थर उलटा करा.

दुसरी मर्यादा अशी की, नॉर्मल मॅपला प्रत्येक ठिपक्याची दिशा कळते, पण मध्ये कोण आडवे आले ते कळत नाही. नाकाची गालावर पडणारी सावली, टोपीची कपाळावरची सावली त्यातून येत नाही. त्यासाठी वेगळा खोलीचा नकाशा लागतो किंवा सावली हाताने, मऊ कडेने रंगवावी लागते. केसांच्या आणि मिशीच्या बारीक बटांबाबतही नकाशा भरवशाचा नसतो.

तिसरी जागा डोळ्यांची. स्टुडिओच्या दिव्याचा चौकोनी ठिपका बुबुळात तसाच राहिला, तर बाकी सगळे जमूनही फोटो खोटा वाटतो. तो पुसून सूर्याच्या बाजूला लहान चमक द्यावी लागते. कपाळावरच्या तेलकट चमकेचेही तसेच. ती त्वचेचा रंग नसून दिव्याचे प्रतिबिंब असते. भागाकाराने ती जात नाही, वेगळी काढावी लागते.

आजोबा गोरे तर झाले नाहीत ना?

एका फोटोवरून मूळ रंग काढताना सॉफ्टवेअरपुढे खरी अडचण असते. सावळी त्वचा भरपूर उजेडात आणि गोरी त्वचा कमी उजेडात कॅमेऱ्याला सारखीच दिसू शकते. अंदाज चुकला की चेहरा उजळतो आणि घरच्यांना फोटो 'छान' पण परका वाटतो.

तपासणीला पांढरा सदरा उपयोगी पडतो. कॅमेऱ्याकडे सरळ तोंड असलेला सदऱ्याचा भाग आणि कपाळ यांची लिनियर चमक मूळ फोटोत मोजा. सदरा ०.७५ आणि कपाळ ०.३० असेल, तर सदरा कपाळाच्या अडीचपट उजळ. उजेड बदलला तरी एकाच दिशेला तोंड असलेल्या या दोन जागांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले पाहिजे. आपल्या हिशेबात सदरा ०.५५५ आणि कपाळ ०.२२२ होते, म्हणजे पुन्हा अडीचपट. हेच प्रमाण १.८ वर आले तर सॉफ्टवेअरने चेहरा उजळवला आहे. अशा वेळी त्वचेचा मूळ रंग परत खाली आणावा लागतो.

हा फोटो घराच्या भिंतीवर लावणे वेगळे आणि बातमीत छापणे वेगळे. उजेड बदललेला फोटो त्या जागेचा, त्या वेळेचा पुरावा राहत नाही. शंका आली तर आधी सावल्यांच्या दिशा जुळतात का ते पाहा, मग नाकाखाली सावली आहे का आणि शेवटी दोन्ही डोळ्यांतली चमक कोणत्या बाजूला आहे ते पाहा.