घरगुती बेकरी आणि रील्स : चित्रीकरणाआधी ओव्हनची क्षमता मोजा

वडोदरा : जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतरच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्सची सुविधा सुरू केली. तेव्हापासून घरातून केक विकणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटाची ध्वनिचित्रफीत हेच दुकानाचे दर्शनी कपाट झाले आहे. मात्र चित्रफीत गाजली तरी मागणी पुरी करता आली नाही, तर तीच अडचणीची ठरते. त्यामुळे नियोजनाची सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता ओव्हनपासून करणे श्रेयस्कर.

उदाहरणादाखल वडोदऱ्यातील एका घरगुती बेकरीची कल्पना करू. एकच गृहिणी, 40 लिटरचा ओटीजी आणि त्यात एका वेळी मावणारे अर्ध्या किलोचे दोन साचे. साचे बदलण्याच्या वेळेसह एका खेपेला सुमारे एक तास लागतो. सहा तासांत खजूर-अक्रोडाचे 12 केक तयार होतील. क्रीमच्या केकचे गणित वेगळे आहे. स्पंज पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे लागते आणि सजावटीला प्रत्येकी पाऊण तास जातो. दिवसाकाठी पाच केक झाले तरी पुष्कळ. शिवाय उन्हाळ्यात दुचाकीवरून नेताना क्रीम ढासळते ते निराळेच. म्हणून दर आठवड्याच्या चित्रफितीत खजुराचा केक दाखवावा आणि क्रीमचा केक ओळखीच्या ग्राहकांपुरता ठेवावा. दिसायला क्रीमचा केक अधिक देखणा असला, तरी जे दाखवले जाते त्याचीच मागणी येते.

चित्रफितीची लांबी 20 ते 25 सेकंद पुरेशी आहे. बहुतेक जण मैदा चाळण्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच प्रेक्षक पुढे सरकतो. पहिल्या दोन सेकंदांत सुरी केकमध्ये शिरताना दिसावी. त्यानंतर भिजवलेला खजूर, साच्यात ओतले जाणारे मिश्रण आणि ओव्हनमध्ये फुगणारा केक ही दृश्ये दोन-दोन सेकंदांची ठेवावीत. फुगण्याचे दृश्य वेगवान केले तरी चालते. कापलेल्या तुकड्याचे दृश्य मात्र चार-पाच सेकंद स्थिर राहू द्यावे आणि त्याचा वेग वाढवू नये. केक ओलसर आहे की कोरडा, हे ग्राहक तेथेच ताडतो. चित्रीकरण खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात करावे, कारण पिवळ्या दिव्याखाली केक करपल्यासारखा दिसतो. पंखा बंद ठेवला तर सुरीचा आणि अक्रोडाचा आवाज स्वच्छ येतो. तो आवाज उपयोगी पडतो, कारण व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्रामवर लोकप्रिय गाणी सरसकट वापरता येत नाहीत.

अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात. त्यामुळे वजन, किंमत, अंडे आहे की नाही आणि परिसराचे नाव अक्षरांत द्यावे. अक्षरे पडद्याच्या मध्यभागी असावीत. खालचा भाग मजकुराने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. गुजरातेत तर ‘एगलेस आहे का?’ हा पहिलाच प्रश्न असतो. किंमत लपवून ‘संदेश पाठवा’ असे लिहिण्याची प्रथा रूढ आहे, परंतु त्यातून केवळ चौकशा वाढतात. टिप्पण्यांत ‘कुठे?’ आणि ‘कितीला?’ हेच प्रश्न वारंवार येऊ लागले, तर मजकूर अपुरा आहे असे समजावे.

एक पथ्य आवर्जून पाळावे. ‘या शनिवारी’ हे शब्द चित्रात लिहू नयेत. चित्रफीत काही आठवड्यांनीही नव्या प्रेक्षकांपुढे येते, आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर चित्र बदलता येत नाही. सोबतचा मजकूर मात्र दुरुस्त करता येतो. तारीख आणि ‘नोंदणी पूर्ण’ ही सूचना तेथे द्यावी.

मागणी घेण्याचा मार्ग एकच असावा, व्हॉट्सॲप बिझनेस. टिप्पणी, इन्स्टाग्रामचे संदेश आणि फोन अशा तीन ठिकाणी नोंदी झाल्या की एखादी हमखास सुटते. तयार उत्तरात पाच बाबी विचाराव्यात : दिवस, नग, अंड्याची पसंती, केकवर लिहायचे नाव आणि घेऊन जाणार की घरपोच. नाव लेखी मागावे, कारण फोनवर ऐकलेल्या नावांत चुका होतात. 12 पैकी 10 केकचीच नोंद घ्यावी; एखादा साचा बिघडला तर उरलेले दोन कामी येतात.

निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्यावरच मागणी पक्की धरावी. पैसे पाठवल्याचे छायाचित्र पुरावा मानू नये, बँकेच्या खात्यात रक्कम पाहावी. मोठी मागणी नोंदवून ‘आगाऊ रक्कम मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारे फसवणूक करणारे असतात. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.

घरातून विक्री असली तरी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडील नोंदणी आवश्यक आहे. तिचा 14 अंकी क्रमांक खात्याच्या परिचयात दिल्यास, कार्यालयासाठी केक मागवणारे तो वेगळा विचारत बसत नाहीत.