ताण नको, माणसं हवीत

रात्री जेवणं आटोपून घरातले सगळे टीव्हीसमोर बसतात, कोणीतरी नवी वेब सिरीज लावतं आणि दहाव्या मिनिटाला आई उठून स्वयंपाकघरात निघून जाते. पडद्यावर खून झालेला नसतो की मारामारी. एका मुलीला चारचौघांत खोटं ठरवलं जात असतं, एवढंच. पण आईच्या पोटात गोळा येतो आणि झोप उडते. असे प्रेक्षक घरोघरी असतात. नुकतंच आजारपण काढलेली माणसं असतात, दिवसभर ऑफिसात ताण सोसून आलेली असतात आणि काहींचा स्वभावच मुळात हळवा असतो. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असं म्हणून त्यांना गप्प बसवलं जातं. खरं तर त्यांना फक्त वेगळी मालिका हवी असते. अशी मालिका शोधता येते, मात्र शोधायची रीत माहीत हवी.

बहुतेक जण आधी वयाचं लेबल बघतात. भारतात 2021च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या कार्यक्रमांना ‘यू’, ‘यू/ए 7+’, ‘यू/ए 13+’, ‘यू/ए 16+’ आणि ‘ए’ अशी वर्गवारी द्यावी लागते. मुलांसाठी ती उपयोगी आहे, पण तिचा भर हिंसा, नग्नता, शिवीगाळ, व्यसनं यांच्यावर असतो. गैरसमज सहा भाग ताणला जाणं, सुनेविरुद्ध कारस्थान शिजणं, भल्या माणसाची फजिती होणं, या गोष्टी लेबलवर दिसत नाहीत. संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकेत शिवी नसते आणि रक्तही नसतं, तरी हळव्या प्रेक्षकाला तीच जास्त छळते.

म्हणून सुरुवात प्रेक्षकापासून करावी. त्याला नेमकं काय सोसत नाही? कुणाला अपमान बघवत नाही, कुणाला आजारपण आणि मरण, तर कुणाला ‘आता वेळेत होईल का नाही’ ही घालमेल. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. ‘दुपहिया’ (2025) या हिंदी मालिकेतलं बिहारी गाव प्रेमळ आणि विनोदी आहे, पण लग्नात द्यायची मोटरसायकल चोरीला जाते आणि लग्नाची तारीख डोक्यावर असते. अपमानाने अस्वस्थ होणाऱ्याला ती बहुधा चालेल. घड्याळाची टिकटिक सोसत नसलेल्याला मात्र ती जड जाईल.

ताण नसलेली गोष्ट कशी रचतात, हे ‘द मकानाई’ या जपानी मालिकेत स्वच्छ दिसतं. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ही नऊ भागांची मालिका जानेवारी 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. कियो आणि सुमिरे या दोन जिवलग मैत्रिणी ‘माइको’, म्हणजे शिकाऊ नर्तकी, होण्यासाठी उत्तरेकडच्या आओमोरीहून क्योटोला येतात. सुमिरेच्या अंगात नृत्य आहे, कियोचे हातपाय मात्र तालात पडत नाहीत. हे तुला जमणारं नाही, असं तिला सांगितलं जातं.

नेहमीच्या मालिकेत इथून मत्सर सुरू झाला असता. इथे कियो त्याच घरात स्वयंपाकीण होते आणि मनापासून खूश असते. ती भाजी निवडून आणते, भातावर कोंबडी आणि अंड्याचं कालवण घालते आणि कॅमेरा घाई न करता ते शिजताना बघत राहतो. पुढे काय होणार यापेक्षा आज काय शिजणार, याची उत्सुकता जास्त असते. मालिकेत घर सोडून आल्याची हुरहुर आहे आणि निरोपही आहेत. पण कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. दुःख आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हळव्या माणसालाही दुःख बरेचदा पेलतं. त्याला पेलत नाही ती माणसांची एकमेकांवरची कुरघोडी.

मराठीत याच्या जवळ जाणारी मालिका म्हणजे वरुण नार्वेकर दिग्दर्शित ‘आणि काय हवं’. प्रिया बापट आणि उमेश कामत यांची जुई-साकेत ही जोडी 2019 ते 2021 या काळात तीन सीझनमधून भेटली. पहिलं स्वतःचं घर, पहिली गाडी असे तिचे विषय आहेत. भाग छोटे आहेत आणि जी कुरबूर होते ती नवराबायकोतली, प्रेमाच्या पोटातली. हिंदीत ‘गुल्लक’ आहे. त्यातल्या मिश्रा कुटुंबाची आई साकारली आहे मराठीतल्या गीतांजली कुलकर्णी यांनी. पहिल्या दोन सीझनमध्ये भांडणं होतात ती विजेच्या बिलावरून, शेजारणीवरून किंवा मुलाच्या अभ्यासावरून.

पण इथेच एक मोठी फसगत होते. मालिका एकदा ‘गोड’ ठरली की तिचे सगळे सीझन गोड असतील, असं लोक धरून चालतात. ‘गुल्लक’च्या तिसऱ्या सीझनमध्ये वडिलांच्या नोकरीवर संकट येतं आणि शेवटी ते रुग्णालयात पोचतात. ‘पंचायत’मधला बदल तर फारच मोठा आहे. 2020च्या पहिल्या सीझनमध्ये सचिवजींच्या चाकाच्या खुर्चीवरून लग्नातला नवरदेव रुसतो, हेच मोठं संकट असतं. 2022चा दुसरा सीझन प्रल्हादचा सैनिक मुलगा शहीद झाल्याच्या बातमीवर संपतो. 2024च्या तिसऱ्या सीझनमध्ये प्रधानजींवर गोळी झाडली जाते, आणि 2025च्या चौथ्यात निवडणुकीचं वैर भरून आहे. लेखकांच्या दृष्टीने ही वाढ असेल. पण पहिल्या सीझनच्या विश्वासावर बसलेल्या हळव्या प्रेक्षकाला तो धक्काच बसतो. तेव्हा चौकशी मालिकेची नाही, प्रत्येक सीझनची करावी.

ही चौकशी करायला फार वेळ लागत नाही. पहिल्या भागाची शेवटची पाच मिनिटं आधी बघावीत. भाग एखाद्या दचकवणाऱ्या प्रसंगावर तुटत असेल, तर पुढेही तसंच होणार असं समजावं. मग शेवटच्या भागाचा गोषवारा वाचावा. शेवट आधी कळला की मजा जाते, ही समजूत तितकीशी खरी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीने जास्तच आवडल्या होत्या. ज्याच्या छातीत धडधड होते, त्याला तर शेवट ठाऊक असणं हा मोठा आधार असतो.

‘कुत्रा मरतो का’ या एकाच प्रश्नावरून नाव पडलेलं doesthedogdie.com हे संकेतस्थळही कामाचं आहे. आजारपण, अपघात, छळ अशा अनेक गोष्टी मालिकेत आहेत की नाहीत, ते तिथे प्रेक्षकच हो-नाही मत देऊन सांगतात. मात्र भारतीय मालिकांची माहिती तिथे तुटपुंजी असते आणि नव्या मालिकेवर मतं जमायला वेळ लागतो. तिथे काही लिहिलेलं नाही म्हणजे काही घडत नाही, असं समजू नये.

आणखी एक छोटं काम करावं. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘पुढचा भाग आपोआप सुरू करा’ आणि ‘शोधताना झलक आपोआप दाखवा’ असे दोन पर्याय असतात. दोन्ही बंद करावेत. सौम्य मालिका शोधत असताना मध्येच किंकाळ्यांची झलक सुरू झाली, तर संध्याकाळ वाया जाते.

राहिली ती शिफारस. अशा माणसासाठी सर्वात भरवशाची माहिती आधी मालिका बघितलेल्या ओळखीच्या माणसाकडेच असते. म्हणून पुढच्या वेळी कुणाला नुसतं ‘छान आहे, बघ’ म्हणू नका. कितव्या भागात काय होतं आणि कुठे थांबावं, तेही सांगा. ‘पंचायत’चा पहिला सीझन बिनधास्त बघ आणि दुसऱ्याचा शेवटचा भाग एकटीने बघू नकोस, इतकं सांगितलं तरी पुरे.