शब्दाला दोन रुपये की तासाला पाचशे?

मॅडम,



ठिबक संचाच्या नव्या माहितीपुस्तिकेची इंग्रजी फाइल मिळाली आणि सोबतचा तुमचा प्रस्तावही वाचला. मराठी मजकूर आता मशीन तयार करून देतं, मी तो फक्त तपासायचा, म्हणून दर शब्दाला 2 रुपयांवरून 80 पैशांवर आणावा, असं तुम्ही सुचवलं आहे. मशीन वापरायला माझी हरकत नाही, काही भागांत ते मी स्वतःहून वापरेन आणि तिथे तुमचा खर्चही कमी व्हायलाच हवा. पण सगळ्या पुस्तिकेला एकच दर लावला तर हिशेब कुठे बिघडतो, ते जरा सविस्तर लिहिते. पुढची सगळीच कामं आपल्याला याच पद्धतीने करावी लागणार आहेत.

आजवर आपण शब्द मोजून पैसे ठरवत आलो, कारण शब्द आणि वेळ यांचं प्रमाण जवळपास ठरलेलं होतं. तांत्रिक मजकुराचे तासाला 250 शब्द होतात. त्यात नेमका शब्द शोधणं, तुमच्या इंजिनिअरला शंका विचारणं आणि शेवटचं वाचन हे सगळं आलं. म्हणजे 6,000 शब्दांची पुस्तिका 24 तासांची, 12,000 रुपयांची, तासाला 500 रुपये. मशीनचा मसुदा हातात आला की हे प्रमाण मोडतं. एखादं पान चार दुरुस्त्यांत संपतं, तर पुढचं पान पुसून पुन्हा लिहावं लागतं. शब्द मात्र दोन्ही पानांवर सारखेच असतात.

यातली खरी अडचण मशीनच्या चुकांच्या स्वरूपात आहे. पूर्वीचं मशीनी मराठी वाचताच खटकायचं. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. 2017 साली गूगलने मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली, तेव्हापासून वाक्यं गुळगुळीत झाली. हे मशीन असंख्य जुन्या वाक्यांवरून पुढे कोणता शब्द येणं संभवतं त्याचा अंदाज बांधत जातं. त्यामुळे वाक्य चुकलं तरी सुरेख चुकतं. नुसतं मराठी वाचून अशी चूक सापडत नाही. प्रत्येक वाक्य मूळ इंग्रजीशी ताडून बघावं लागतं.

तुमच्याच फाइलमधलं फिल्टरबद्दलचं वाक्य बघा. पंप बंद आहे आणि दाबमापक शून्यावर आला आहे, याची खात्री झाल्याशिवाय झाकण उघडू नये, असं मूळ वाक्य सांगतं. मशीनने दिलं: ‘पंप बंद असल्याशिवाय आणि दाबमापक शून्य दाखवत नसल्याशिवाय झाकण उघडू नका.’ व्याकरणात काही खटकत नाही. पण एक ‘न’ जास्तीचा आला आणि दुसऱ्या अटीचा अर्थच फिरला: मापक शून्यावर नसेल, तेव्हा झाकण उघडा. दाबाखालच्या फिल्टरचं झाकण सैल केलं तर ते उडून तोंडावर बसू शकतं. ही दुरुस्ती एका अक्षराची आहे, पण ती सापडण्यासाठी आजूबाजूची सगळी वाक्यं तितक्याच लक्षपूर्वक वाचावी लागतात. म्हणूनच ‘जेवढं बदललं तेवढ्याचेच पैसे’ हा काही ठिकाणी रुळलेला हिशेब मला मान्य नाही. जे वाक्य तपासून तसंच ठेवलं, त्यालाही वेळ लागलेलाच असतो.

दुसरा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडातल्या शब्दांचा. शेतात सगळे लॅटरल, ड्रिपर, सबमेन असंच म्हणतात. मशीन एका पानावर लॅटरलला ‘पार्श्व नळी’ करतं, दोन पानांनी ‘बाजूची पाइप’, आणि ड्रिपरचा ‘उत्सर्जक’. ही तीन वेगळी सामानं आहेत असं समजून कुणी दुकानात विचारत बसेल. यावर उपाय सोपा आहे: आपली शब्दसूची आधीच पक्की करायची आणि ती मशीनला पुरवायची. तरी ते ती दर वेळी पाळतंच असं नाही, म्हणून शेवटी एकेक संज्ञा शोधून बघावीच लागते.

आता या पुस्तिकेचा हिशेब. जोडणी, रोजचा वापर आणि बिघाड शोधण्याचा तक्ता मिळून साधारण 4,000 शब्द आहेत. वाक्यं आखूड, क्रिया ठरलेल्या. इथे मशीनचा मसुदा उपयोगी पडेल. पूर्ण संपादनासह, म्हणजे थेट छापता येईल इतकं नीट करून, तासाला 500 शब्द होतील. म्हणजे 8 तास. सुरक्षा-सूचना आणि अ‍ॅसिड ट्रीटमेंट मिळून 1,000 शब्द आहेत. हा भाग मशीनकडे देऊ नये असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं असतं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. एका विभक्तीची अदलाबदल झाली तरी माणूस भाजेल. उरलेले 1,000 शब्द वॉरंटीच्या अटींचे. तिथली अर्ध्या पानाची वाक्यं मशीन अशी तोडतं की कोणती अट कशाला लागू आहे तेच कळत नाही. हे दोन्ही भाग जुन्याच वेगाने, 4-4 तासांत होतील.

एकूण 16 तास, तासाला 500 प्रमाणे 8,000 रुपये. तुमचा एक तृतीयांश खर्च वाचतो आणि काम चार दिवसांऐवजी तीन दिवसांत हातात पडतं. 80 पैशांच्या दराने 4,800 रुपये होतात, म्हणजे याच 16 तासांचे तासाला 300. त्या पैशांत कुणीही काम केलं तरी फिल्टरचं ते वाक्य मुळाशी ताडायला त्याला वेळ उरणार नाही.

हलकं संपादन हा आणखी एक प्रकार असतो. अर्थ कळेल इतपतच दुरुस्ती करायची. विक्रेत्यांचे अभिप्राय किंवा ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारा अहवाल यांना तेवढं पुरतं, आणि ते मी बरंच स्वस्तात करून देईन. ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या मजकुराला ते चालणार नाही.

माझे तासांचे आकडे डोळे मिटून मान्य करू नका. तिन्ही प्रकारच्या भागांतले दोन-दोनशे शब्द निवडा. ते मी मशीनच्या मसुद्यावर करून देते आणि वेळेची नोंद जोडते. एखाद्या भागात निम्म्याहून जास्त मजकूर बदलावा लागला, तर तिथे मशीन बाजूला ठेवू. जोडणीचा भाग 500पेक्षा जास्त वेगाने झाला, तर वाचलेल्या तासांचे पैसे मी लावणार नाही. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेतली जी वाक्यं शब्दशः तशीच आली आहेत, ती माझ्या ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे जुन्या अनुवादांच्या साठ्यात, जोडीने जपलेली आहेत. ती नेमकी किती निघतात ते मी मोजून कळवेन. तेवढ्याने तास आणखी कमी होतील, कारण मीच तपासलेलं मराठी मशीनच्या मसुद्यापेक्षा केव्हाही भरवशाचं.

आणखी एक विनंती. ही फाइल कुणी फुकटच्या ऑनलाइन साइटवर टाकून बघू नये. तिथे दिलेला मजकूर कुठे साठतो आणि पुढे कशासाठी वापरला जातो, यावर आपला ताबा राहत नाही, आणि तुमचा नवा व्हॉल्व्ह अजून बाजारात यायचा आहे. दिलेला मजकूर साठवणार नाही असं करारात लिहून देणारी पैसे भरून घ्यायची सेवा मी वापरते. तिचा खर्च वरच्या दरात धरलेला आहे.

या वेळी स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी वर्डची फाइल पाठवा. स्कॅनमधून अक्षरं उचलताना दशांशचिन्हं गळतात, 1.5 बारचा दाब 15 होतो आणि मशीन तो तसाच पुढे नेतं. शब्दसूची सोबत जोडली आहे. तुमच्या शेतभेटी करणाऱ्या मुलांकडून ती एकदा तपासून घ्या, विशेषतः फिल्टरच्या भागांची नावं. सूची परत आली की नमुन्याचं काम लगेच सुरू करते.

आपली,
अनुवादक