शिका आणि शिक्का

'शिका' म्हणजे शिकण्याची सूचना आणि 'शिक्का' म्हणजे कागदावर उमटवायचा ठसा. आपल्याला हे दोन शब्द सरळ वेगळे ऐकू येतात. इंग्रजी बोलत वाढलेल्या आणि मराठी नव्यानं शिकणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही एकच वाटू शकतात. मका–मक्का, हला–हल्ला, कला–कल्ला या जोड्यांतही तसंच होतं.

लिहिताना आपण क दोनदा काढतो, म्हणून बोलतानाही तो दोनदा येत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात 'शिक्का' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला एकदाच टेकतो, तिथं जास्त वेळ थांबतो आणि एकदाच सुटतो. या थांबण्यात हवेची वाट बंद असते, त्यामुळे तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही. म्हणजे दोन शब्दांमधला मुख्य फरक आहे तो एका अगदी छोट्या शांततेच्या लांबीचा. 'कल्ला'मधला ल निदान लांबलेला कानावर तरी पडतो.

इंग्रजीत एका शब्दाच्या पोटात ही लांबी अर्थ बदलत नाही. 'हॅपी'च्या स्पेलिंगमध्ये पी दोन असले तरी उच्चारात प एकच असतो. त्यामुळे ती शांतता मोजायची सवयच त्या कानाला नसते. पण 'ब्लॅक कॅट' भरभर म्हटलं की शब्दांच्या सांध्यावर त्यांच्याही तोंडात क्क तयार होतो. शिकवताना तिथून सुरुवात करावी.

तमिळ माणसाची अडचण निराळी. त्याच्या भाषेत द्वित्त भरपूर आहे, पण दोन स्वरांमधलं एकेरी व्यंजन तिथं मृदू होतं: 'पडम्' म्हणजे चित्र, 'पट्टम्' म्हणजे पतंग. म्हणून 'शिका'मधला कठोर, एकेरी क त्याला क्क वाटण्याचा संभव असतो.

फरक समजल्यावरही उच्चार चुकतो. कुणी 'शीका' म्हणतो, म्हणजे व्यंजनाऐवजी स्वर लांबवतो. कुणी मध्ये श्वास सोडून 'शिक-का' असे दोन तुकडे करतो. इथे शाळेतले लघु-गुरू कामी येतात. 'शिका'त शि लघु आणि का गुरू, मिळून 3 मात्रा. 'शिक्का'त जोडाक्षरामुळे शि गुरू होतो आणि मात्रा 4 होतात. टाळ्या वाजवत म्हटलं, की वाढलेली मात्रा हाताला कळते. मग ती शि आणि का यांच्या मधोमध, तोंड बंद ठेवून काढायची.

एक गुंता तरीही उरतो. आपण कौतुकानं 'कित्ती', 'मोठ्ठा' म्हणतो. तिथं द्वित्तानं शब्द बदलत नाही, भावना वाढते. घरात हेच सतत ऐकणाऱ्याला वाटतं, की द्वित्त म्हणजे नुसता जोर. त्याला 'मोठा–मोठ्ठा' आणि 'मका–मक्का' या जोड्या शेजारी ठेवून दाखवाव्या लागतात: पहिल्या जोडीत वस्तू तीच राहते, दुसरीत कणसाच्या जागी शहर येतं.