उरतो तो क्लोरिन

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचे त्या दिवशी प्रत्येक घरातले कुणी ना कुणी घरी थांबतेच. छत्रपती संभाजीनगरात हे नवे नाही. जायकवाडीचे पाणी फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होते, नक्षत्रवाडीवरून शहरातल्या टाक्यांत जाते आणि तिथून काही दिवसांआड आमच्या नळाला येते. आले की हौद, ड्रम, हंडे, सगळे भरून घ्यायचे. पुढची पाळी येईपर्यंत तेच प्यायचे.

तीन पावसाळ्यांपूर्वी शेजारच्या काकूंच्या नातवाला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातून होते. पोरगा पुढे बरा झाला, पण काकूंच्या मनातून ते जाईना. एके संध्याकाळी मला म्हणाल्या, "भाऊ, मी माझ्या हातानं हौदात टीसीएल टाकलं होतं हो. पाण्याला वाससुद्धा येत होता. मग पोराला झालंच कसं?"

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. जे कळते ते जुन्या पुस्तकांतून आणि हाताने करून पाहून. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पोराने बाहेरही पाणी प्यायले असणार, त्यामुळे दोष हौदाचाच होता असे मी आजही म्हणणार नाही. पण पावडर टाकूनही पाणी असुरक्षित राहू शकते का, एवढे तरी शोधता येण्यासारखे होते.

टीसीएल पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. खरा मारेकरी तो. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. पाणी जास्त अल्कधर्मी असेल तर या आम्लाचे भारित रूप वाढते आणि ते फार दुबळे असते. पीएच ७ असताना सुमारे तीन चतुर्थांश क्लोरिन या समर्थ रूपात असतो, ८ ला जेमतेम एक चतुर्थांश.

पण या मारेकऱ्याला शत्रू ओळखता येत नाही. जंतू, गाळ, शेवाळ, कुजलेले पान, लोखंडाचा गंज, जे आधी भेटेल त्यावर तो खर्च होतो. पाणी असा जेवढा क्लोरिन गिळते त्याला क्लोरिनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जो उरतो तो मुक्त अवशिष्ट क्लोरिन, आणि रक्षण करतो तो हाच. म्हणून भारतीय मानकात किती टाकावा हे नाही, किती उरावा हे आहे: लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५.

वासाचे कोडे इथेच सुटते. सांडपाण्याचा अंश मिसळला की पाण्यात अमोनिया येतो. दिवसाआड चालणाऱ्या पुरवठ्यात रिकाम्या नळात गळक्या जोडांतून बाहेरची घाण ओढली जाते, त्यामुळे हे अवघड नाही. अमोनियाशी क्लोरिन जोडला गेला की क्लोरामाइन बनतात. त्यांनाही वास असतो, मुक्त क्लोरिनपेक्षा अनेकदा उग्र, पण जंतू मारण्याची ताकद फारच कमी. हा जोड मोडून मुक्त क्लोरिन उरायला अमोनियातील नत्राच्या वजनाच्या साधारण आठ ते दहापट क्लोरिन लागतो. म्हणजे काकूंना आला तो वास सुरक्षिततेची खूण होता असे मानता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. १९०८ साली हॅरिएट चिक या संशोधिकेने दाखवले की जंतू एकदम मरत नाहीत. ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो. त्यातून पुढे एक सोपा हिशोब रूढ झाला: उरलेला क्लोरिन गुणिले मिनिटे. अर्धा मिलीग्रॅम अर्धा तास राहिला तर गुणाकार १५. तोच दहा मिनिटांत वापरायला घेतला तर फक्त ५. जागतिक आरोग्य संघटनाही पीएच ८ च्या आत असताना अर्धा मिलीग्रॅम आणि किमान अर्धा तास, असेच सांगते.

आता काकूंचा हौद. मी तो पाहिला तेव्हा तळाशी चार बोटे गाळ होता. पावडरीची पिशवी तोंड उघडी, न्हाणीघरात. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो, पण दमट हवेत तो उडून जातो. त्या चहाचा एक चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, कोरडीच पाण्यावर भुरभुरवत आणि लगेच मोटर लावून वरची टाकी भरत.

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून पाहावे म्हणून आरोग्य खात्यात वापरतात ती हॉरॉक्सची पेटी मिळवली. तिची रीत घरातल्या बाईलाही जमेल अशी आहे. काळ्या कपात दोन ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर पाण्यात कालवायची आणि निवळू द्यायची. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी घ्यायचे. पहिल्यात त्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात स्टार्च आयोडाइडचे तीन थेंब. क्लोरिन उरला असेल तिथे निळा रंग येतो. स्पष्ट निळा झालेला पहिला कप ज्या क्रमांकाचा, तेवढे चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते.

नळाच्या ताज्या पाण्यात पहिलाच कप निळा झाला. हौदातले पाणी तळ ढवळून घेतले तेव्हा पहिले तीन कप पांढरेच राहिले, चौथा निळा झाला. म्हणजे ४५५ लिटरला आठ ग्रॅम. हौद सुमारे १८०० लिटरचा, म्हणजे बत्तीस ग्रॅम हवे होते आणि पडत होते पाच. ते सगळे गाळानेच खाल्ले असणार, आणि जे उरले असेल त्यालाही मोटरीने वेळ दिला नाही.

बत्तीस ग्रॅम टाका, असे मी सांगितले नाही. सेंद्रिय गाळावर क्लोरिनचा मारा केला की नको ती उपद्रवी संयुगे तयार होतात, आणि गाळाच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत तो पोचतही नाही. आम्ही हौद उपसला, घासला, पुढच्या पाळीला भरला आणि तीच पावडर घेऊन पुन्हा कप मांडले. पहिला कप निळा. आता सबंध हौदाला आठ ग्रॅम पुरे होते.

मात्र हेही कायमचे नाही. ओटीच्या थेंबांनी मी रोज पाहत गेलो. पहिल्या दिवशी थेंब पडताच पिवळा रंग यायचा. मुक्त क्लोरिन लगेच रंग देतो, जोडलेला हळूहळू, म्हणून पहिल्या काही सेकंदांतच पाहावे लागते. चौथ्या दिवशी पाणी बिनरंगी. वरचे झाकण सैल, डबा बुडवून पाणी काढायची सवय, उन्हाची झळ, या सगळ्यांनी क्लोरिन संपवला होता. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा एखादा जीव नेहमीच्या मात्रेला दादच देत नाही. तिथे उकळणे हा खात्रीचा उपाय.

काकू आता पावडर हवाबंद डब्यात ठेवतात, आधी वेगळ्या भांड्यात कालवून निवळी तेवढी हौदात सोडतात आणि मोटर अर्ध्या तासाने लावतात. प्यायचे पाणी तोटीच्या पिंपात वेगळे काढतात. चौथ्या दिवसापासून ते उकळतात. परवा मला विचारत होत्या, "भाऊ, वास नाही आला तरी चालतं ना?" मी ओटीची बाटली त्यांच्या हातात दिली. वासावरून कळणार नव्हते.